धुरपतानं मोडायला लावलेली काडी

वेणा नदीकाठच्या त्या खेड्यात धुरपतासारखी फटकळ बाई दुसरी नव्हती. एकदा मनात घेतलं की आगापिछा बघायची नाही. त्या स्वभावानंच तिचा घात केला, दुसरं काय!

छप्पन सालच्या दसऱ्याला ती भाऊ प्रेमदासबरोबर नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन आली. नवरा नत्थू गेला नाही. तो गावचा कोतवाल, पाटलाच्या शब्दाबाहेर जायची त्याची छाती नव्हती. धुरपता आली ती थेट देव्हाऱ्याशी. सासरच्या पिढीजात देवांचे टाक पदरात बांधले आणि नदीच्या डोहात सोडून दिले. सासू भागीरथा काठावर ऊर बडवत बसली. सहा वर्षांचा गुलाब आजीचं लुगडं धरून सगळं बघत होता.

सासू म्हणाली, ही घरात नको. नत्थूनं मात्र तिला जा म्हटलं नाही. चार दिवसांत भांडण निवलं असतं, अशी किती घरं त्या साली भांडली आणि पुन्हा एका चुलीवर जेवली. पण धुरपतानं स्वतःच जातीचे पंच बोलावले.

"धर्म नवा घेतला, तं जुनं लगन काऊन ठेवू? मोडा काडी," ती म्हणाली.

पंचांनी चालीप्रमाणं काडी मोडली, सोडचिठ्ठी लिहिली, दोघांचे अंगठे घेतले. पोरगं बापाचं, हीही जातीची चाल. धुरपतानं तेही मान्य केलं. तिला वाटलं, लेकरूच ते, आठ दिवसांत आईमागं धावत येईल. अहो, ज्या जातीला लाथ मारून आली, तिच्याच पंचांपुढे जाऊन बसली! याला काय म्हणावं?

गुलाब आला नाही. धुरपता हिंगणघाटला भावाकडे राहून जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडू लागली. बाजाराच्या दिवशी खाडा करून गावी जायची, पदरात रेवड्या बांधून. भागीरथा दार लावून घ्यायची. मग ती शाळेच्या बांधावर उभी राहायची. गुलाब तिला बघून दुसऱ्या वाटेनं घरी जायचा. तिचं काळीज तुटायचं, पण रेवड्या ती दर वेळी घ्यायचीच.

अठ्ठावनच्या उन्हाळ्यात नत्थू पटकीनं गेला. तेव्हा कुठं प्रेमदासनं तिला वर्ध्याला प्रभाकरराव वकिलांकडे नेलं. तिनं आधीच सांगून टाकलं, धर्म बदलला म्हणून माझं लग्न तुटलं, नवऱ्याच्या शेतातला वाटा गेला, आता निदान पोरगं तरी द्या.

वकिलांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "बाई, बौद्ध झाल्यानं तुमचं काहीच तुटलं नव्हतं. लग्न, वारसा, पालकपण, या नव्या कायद्यांत बौद्ध हिंदूंतच धरलेत. तुम्ही मुसलमान किंवा ख्रिस्ती झाला असतात तर नवऱ्याला फारकत मागता आली असती. तीही कोर्टातून."

"मंग शेत?"

"तुम्ही त्याची बायको राहिला असतात तर सासू, मुलगा आणि तुम्ही, तिघांना सारखा वाटा. पण तुमच्या जातीत काडीमोडीची चाल आहे आणि कायदा ती चाल मानतो. तुमचं लग्न धर्मानं नाही मोडलं, तुमच्या अंगठ्यानं मोडलं."

धुरपता आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. नत्थू अंगठा द्यायला किती वेळ थांबला होता, ते तिला आत्ता आठवलं. दोनदा त्यानं तिच्याकडे पाहिलं होतं. ती एक शब्द बोलली असती तर त्यानं हात मागं घेतला असता.

पोराचं मात्र वेगळं आहे, वकील म्हणाले. बापामागं पालक आईच, सोडचिठ्ठीनं आईपण जात नाही. तेवढ्या एका वाक्यावर धुरपता चार महिने जगली. प्रेमदासच्या घरात तिनं गुलाबसाठी गोधडी शिवली, हिंगणघाटच्या शाळेत मास्तरांना भेटून आली.

वकिलांनी कोर्टात अर्ज केला होता, त्या तारखेला भागीरथा नातवाला घेऊन आली. वकिलांनी आईचा हक्क नीट मांडला. जज्जसाहेब म्हणाले, हक्क आहे खरा, पण आधी लेकराचं हित बघावं लागतं. त्यांनी आठ वर्षांच्या गुलाबला जवळ बोलावलं आणि मायेनं विचारलं, आजी म्हणते तुला आईकडे जायचं नाही, का बरं?

गुलाबनं आजीकडे पाहिलं नाही. शिकवलेलं बोलणारं पोर आधी शिकवणाऱ्याकडे बघतं. हा सरळ धुरपताकडे बघून बोलला.

"इनं आमचे देव डोहात फेकले. मंग बाले फेकलं, तं बा मेला. मलेबी फेकन."

निकालात लिहिलं, मुलगा आजीपाशी राहावा, आईनं महिन्यातून एकदा भेटावं. धुरपता पहिल्या महिन्यात गेली. गुलाब तिच्या समोर बसला, पण दोन्ही हातांनी खाटेचा पाय घट्ट धरून. ती उठून निघेपर्यंत त्यानं तो सोडला नाही. त्यानंतर ती कधी गेली नाही.