श्वास घेणाऱ्यांचा अपॉस्ट्रॉफी

डोंबिवली पूर्वेला एका फरसाणच्या दुकानाच्या डोक्यावर आमचा क्लास आहे. मी तिथे इंग्रजी शिकवतो. खालून शेव तळल्याचा वास आणि वरून आमचा टेन्सचा घोळ, असं आमचं वातावरण. क्लासचे मालक म्हणजे मोठे सर. त्यांना सगळे मोठे सर म्हणतात, म्हणून मी आपोआप लहान सर झालो. पन्नाशी ओलांडली तरी लहानच.

मोठ्या सरांनी इंग्रजी व्याकरणाला अनेक देणग्या दिल्या आहेत. त्यातली सर्वात लाडकी म्हणजे श्वास चाचणी.

मराठीत आपलं बरं असतं. आजीची काठी, टेबलाचा पाय, दोन दिवसांची रजा. आपला चा-ची-चे कुणाकडे आधारकार्ड मागत नाही. इंग्रजीत मात्र दोन दरवाजे आहेत, एक अपॉस्ट्रॉफी एसचा आणि एक ऑफचा, आणि कुणी कुठून जायचं हे मुलांना कळत नाही. त्यावर मोठ्या सरांचा उपाय असा की, नाकाखाली तळहात धरायचा. ज्याचं वर्णन करतोय तो श्वास घेतो का? घेतो, तर अपॉस्ट्रॉफी एस. नाही घेत, तर ऑफ. अख्खी बॅच एकदम नाकाखाली हात धरायची आणि फूं फूं करायची. टेबल श्वास घेत नाही, म्हणून द लेग ऑफ द टेबल. गाय घेते, म्हणून काऊज टेल. पालक बघायचे आणि भारावून जायचे.

फार वाईट उपाय नव्हता, हे आधी सांगतो. माणसांना आणि प्राण्यांना तो चांगला बसतो, आणि टेबल, दार, छप्पर यांनाही बऱ्यापैकी. पण व्याकरण काही डॉक्टरचा दवाखाना नाही. मी स्टाफरूममध्ये तोंड उघडायचो, “सर, टुडेज न्यूजपेपर? टुडे कुठं श्वास घेतो?”

“टुडेज न्यूजपेपरचं न्यूजपेपर ऑफ टुडे करायचं,” मोठे सर शांतपणे म्हणायचे. “नोट्समध्ये छापलंय.”

छापलंय म्हटलं की विषय संपला. आमच्या क्लासमधून बाहेर पडलेली मुलं म्हणून ओळखू येतात. कल्याणपासून ठाण्यापर्यंत कुणीही न्यूजपेपर ऑफ टुडे म्हणालं, की मला वाटतं, हे आमच्या फरसाणवरचं.

नव्या शिक्षिकेची निवड करायची आमची एक पद्धत आहे. उमेदवाराने खऱ्या बॅचसमोर तास घ्यायचा. मागच्या बाकांवर पालक बसतात आणि मोठे सर कोपऱ्यात पितळी घंटा घेऊन. नोट्सपासून बाजूला गेलं की घंटा. तिसऱ्या घंटेला निवड संपली, खडू खाली. मी ही पद्धत बघायला नेहमी जातो. नाटकाचं तिकीट वाचतं.

त्या वर्षी कळव्याहून एक मॅडम आल्या. एका शाळेत त्यांची जागा कमी झाली होती, दोन मुलं होती आणि आमची सकाळची बॅच हवीच होती. त्यांना नेमका हाच धडा मिळाला. तासाआधी जिन्यात त्यांनी मला गाठलं.

“लहान सर, मी नोट्स वाचल्या. हे शिकवायचं?”

“शिकवलंत तर नोकरी मिळेल.”

“आणि बरोबर शिकवलं तर?”

“तर मजा येईल,” मी म्हटलं. माझा चेहरा खूप गंभीर होता असं मला वाटत होतं.

मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की माझा चेहरा गंभीर नव्हताच हे मला कळलं.

तास सुरू झाला. पहिली पाच वाक्यं मॅडमनी अगदी गोड पार पाडली. माणसं, प्राणी, अपॉस्ट्रॉफी एस. टेबल, दार, ऑफ. पालक खूश, मोठे सर खूश, घंटा शांत. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. सातवीची असेल.

“टीचर, माझे आजोबा वारले. त्यांची काठी घरी आहे. मोठे सर म्हणाले, वारल्यावर श्वास नसतो म्हणून द स्टिक ऑफ ग्रँडफादर लिहायचं. पण आजोबा जिवंत होते तेव्हा ग्रँडफादर्स स्टिक होतं ना?”

वर्गात कुणी हसलं नाही. कोपऱ्यातून मोठे सर म्हणाले, “बरोबर आहे. वारल्यानंतर ऑफ.”

मॅडम एक क्षण थांबल्या. त्या एका क्षणात कळव्याचं भाडं, दोन मुलांची फी, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून गेलेलं मी बघितलं. मग त्या वळल्या आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ग्रँडफादर्स स्टिक.

“काठी आजोबांचीच,” त्या म्हणाल्या. “माणूस गेला तरी माणूसच असतो. इंग्रजीलाही ते मान्य आहे.”

टिंग.

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. मॅडमनी खडू खाली ठेवला नाही, बोलता बोलता फळ्यावर लिहीत राहिल्या.

“आता वेळेचे शब्द. टुडेज न्यूजपेपर. यस्टरडेज मॅच. वेळ श्वास घेत नाही, तरी अपॉस्ट्रॉफी एस लागतो. किती वेळाची गोष्ट आहे हे सांगतानाही तेच. अ वीक्स हॉलिडे. दोन दिवसांची रजा, टू डेज लीव्ह, इथे डेजमधला एस आधीच अनेकवचनाचा आहे, म्हणून चिन्ह त्याच्या नंतर ठेवा.”

टिंग.

“मॅडम,” मोठे सर उठून उभे राहिले. आवाजात त्यांचा तो वक्तृत्व स्पर्धेचा सूर होता. “वर बघा. त्या पाटीवर काय आहे? थॉट ऑफ द डे. डेज थॉट आहे का? नाही! वेळेला ऑफ लागतो, हे आमच्या भिंतीलाही कळतं.”

मागचे पालक हसले. मलाही हसू आलं, मोठे सर टोला मारतात तेव्हा मारतात. मॅडमनी पाटीकडे बघितलं, मग मान डोलावली.

“सर, ते बरोबर आहे. थॉट ऑफ द डे असंच म्हणतात, तो ठरलेला शब्दसमूह आहे. पण टुडेज थॉट लिहिलं तरी बरोबर. आणि सर, महिन्याचा शेवट म्हणायचा तर द एंड ऑफ द मंथ म्हणायचं. सुरुवात, मध्य, शेवट असं काही असलं की वेळेलाही ऑफ. किती वेळाचं किंवा कोणत्या दिवसाचं, तिथे अपॉस्ट्रॉफी एस. मी ऑफच्या विरोधात नाही. मला प्रत्येकाला त्याची जागा द्यायची आहे.”

मागच्या बाकावरून एक आई म्हणाल्या, “थांबा. वागळे इस्टेटमध्ये आमच्या ऑफिसात मी लीव्ह ऑफ टू डेज लिहिते. साहेब दरवेळी गालात हसतात. ते यासाठी का?”

“त्यात हसण्यासारखं काही नाही हो,” मॅडम म्हणाल्या. “अर्थ कळतो. फक्त इंग्रज असा बोलत नाही. टू डेज लीव्ह म्हणा.”

“म्हणजे मी इतकी वर्षं...” त्या आई मोठ्या सरांकडे वळल्या. “सर, माझ्या मुलाला पण तेच शिकवलंत?”

टिंग! तिसरी घंटा. ती मॅडमसाठी होती की त्या आईंसाठी, हे आजही मला कळलेलं नाही.

“निवड संपली,” मोठे सर म्हणाले. “खडू खाली ठेवा आणि फळा पुसा.”

इथे आमच्या क्लासचा आणखी एक नियम मध्ये आला. ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. दुसऱ्याचा फळा दुसऱ्याने पुसायचा नाही, नाहीतर वर्गात शिस्त राहत नाही, असं मोठे सर दरवर्षी पहिल्या दिवशी सांगतात. मॅडमनी खडू ठेवला. हात झटकले.

“खडू ठेवते,” त्या म्हणाल्या. “पुसणार नाही.”

“मॅडम, हा नियम आहे.”

“हो. मी लिहिलेलं मी पुसेन. जे चुकलंय ते. यात चुकलेलं दाखवा.”

मोठे सर माझ्याकडे वळले. “लहान सर, तुम्ही पुसा.”

“मी?” मी असा दचकलो की जणू मला पितळी घंटा गिळायला सांगितली होती. “सर, मी लिहिलं नाही हो. नियम मोडू? तुमचा?”

बॅचमधली दोन मुलं तोंडावर हात धरून फूं फूं करायला लागली. श्वास चाचणीचा असा उपयोग मी पहिल्यांदाच बघितला.

मॅडम जिना उतरल्या. मागोमाग चार पालक उतरले. मीही उतरलो, अर्थात फक्त फरसाण घ्यायला. दुकानाशेजारी त्या वागळे इस्टेटच्या आई मॅडमचा फोन नंबर मागत होत्या.

“कळव्यात शिकवाल का? आम्हीही तिकडेच राहतो. माझी मुलगी पण आहे.”

“जागा नाही माझ्याकडे,” मॅडम म्हणाल्या.

“जागेचं बघू. आमच्या सोसायटीचा हॉल सकाळी रिकामाच असतो. तुम्ही फक्त पुसू नका.”

सकाळची बॅच मिळाली, पण आमच्याकडे नाही. पहिल्या दिवशी सहा मुलं होती, आता हॉल लहान पडतो. मी अधूनमधून जाऊन मागे बसतो. त्या आजोबांची काठीवाली मुलगी डोंबिवलीहून आईबरोबर तिथेच येते. मोठ्या सरांना हे माहीत आहे. “फुटलेली मंडळी” असा ते या सगळ्यांचा उल्लेख करतात, आणि प्रत्येक वेळी मी तो आवडीने ऐकतो.

फळ्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मोठे सर नियम मोडणारे नव्हते आणि डस्टर उचलणारेही नव्हते. आठवडाभर आमच्या सगळ्या बॅचेस ग्रँडफादर्स स्टिक आणि टू डेज लीव्ह वाचत बसल्या. मला कुणी फळ्याबद्दल विचारलं तर मी अतिशय दुःखी चेहरा करून म्हणायचो, “पुसता येत नाही रे, नियम आहे. वाचून घ्या तोपर्यंत.” ज्यांनी वाचून घेतलं त्यांच्या परीक्षेच्या वह्या तपासताना मला ओळखू आल्या.

शेवटी मोठ्या सरांनी उपाय काढला. पांढरा बोर्ड मागवला, नवाकोरा, आणि जुन्या फळ्यावरच ठोकायला सुतार बोलावला. पुसलं नाही, नियम राहिला. झाकलं मात्र. स्टुलावर सुतार, खाली मोठे सर, आणि दाराशी मी.

“सरळ आहे का हो?” मोठ्या सरांनी विचारलं.

“डावीकडे वाकडा आहे, सर,” मी म्हटलं.

सुताराने उजवीकडे केला.

“आता?”

“आता उजवीकडे.”

तो सुरुवातीपासून सरळच होता.