रेशमाला न लागलेला वास

माझ्या हातांना कसला वास येतो असं कुणी म्हटलं तर मला आजही राग येतो. हात नाकाशी धरून बघा, हवं तर. मी आयुष्यभर मासे खाल्ले, लसूण ठेचला, कांदा चिरला, आणि त्याच हातांनी शहापुरात लग्नाच्या साड्यांचं रेशीम भरलं. दोन्ही गोष्टी एकाच बाईनं केल्या, यात लाजण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

लढाईचे दिवस होते. आमच्या मालकांना कॅम्पातल्या लष्करी कोठारात ओझी उचलायचं काम मिळालं होतं, म्हणून आम्ही खानापूरकडचं गाव सोडून शहापुरात खोली घेतली. दोन घरं सोडून विणकरांचं घर होतं. चार माग, आणि त्या सगळ्यावर राज्य आक्कांचं. आक्का म्हणजे मागवाल्याची बायको. घरात माळकरी वळण, मासमच्छीचं नाव नाही. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडून सूत घरी नेत आणि रहाटावर कांड्या भरून, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळून, देत. बहुतेकींना सुती सूत मिळे. रेशीम फक्त दोघींना, कारण रेशीम तुटतं, गुंततं आणि मुख्य म्हणजे ज्याच्याजवळ ठेवाल त्याचा वास धरतं. वर्षभरात माझा हात बघून आक्कांनी मला रेशीम दिलं तेव्हा मी गल्लीतून लडी छातीशी धरून आले होते. उगाच लांबच्या वाटेनं आले, हेही कबूल करते.

त्या उन्हाळ्यात निपाणीच्या एका घरची लग्नाची साडी मागावर चढायची होती. कांदालसूणसुद्धा उंबऱ्याच्या आत न येणारं घर ते. पिवळ्या रेशमाच्या कांड्या माझ्याकडे होत्या. आणि नेमका त्याच दिवशी माझा भाऊ गुंजीहून गाडीनं आला, पळसाच्या ओल्या पानांत नदीचे मासे गुंडाळून. माहेरचा माणूस मासे घेऊन दारात उभा, त्याला काय परत पाठवायचं? मी मासे साफ केले, कालवण केलं, त्याला पोटभर वाढलं. मग आम्ही सगळ्या करतो तसं राखेनं हात खसाखसा घासले आणि संध्याकाळी उरलेल्या कांड्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी एक कांडी उचलली, नाकाशी नेली आणि दुसऱ्या बायकांसमोर म्हणाल्या, "मासळीचा वास येतोय गं ह्याला."

मी म्हटलं, "आक्का, हात राखेनं धुतल्यात मी."

"मग आला कुठनं?"

मागच्या अंगणात रेशीम शिजवायचं पातेलं होतं. कच्चं रेशीम साबण आणि खार घालून उकळतात तेव्हा त्याचा चिकटपणा सुटतो आणि ते मऊ, झळझळीत होतं. मला वाटलं, जे पाणी रेशमाचा मळ काढतं ते माझ्या हातांचा काढणार नाही काय? बाजूला थोडं कोमट पाणी उरलं होतं, त्यात मी दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि चोळले. शहाणपणाची ही खाशी कल्पना माझीच. क्षणभरात असा वास उठला की शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. आदल्या दिवशी मासे चिरतानाही एवढा आला नव्हता. मी तिथं उभी, हातांतून पाणी गळतंय आणि कुठं बघू ते कळेना.

आक्का रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पोरी, हात चांगला हाय तुझा. मासं सोड. रेशीम भरायचं तर तेवढं करायला पायजे. न्हायतर सुती सूत ने."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला सुती सुताची लाज नव्हती. पण मासे खाणारीच्या हाताला रेशीम शोभत नाही असं ठरणार होतं, आणि ते मला मान्य नव्हतं. माझी आई, माझी आजी, आमची सगळी नदीकाठची माणसं घाणेरडी काय? मी म्हटलं, "मासं न्हाय सोडायची मी, आक्का. वास घालवून दावते."

"कसा?"

"ते म्हाईत न्हाय अजून. चार दिस द्या."

आक्कांनी जरा विचार केला. "दिले. पर चवथ्या दिशी ह्याच खाराच्या पाण्यात हात घालायचं. दडलेला वास असंल तर त्यात उठतोय, आत्ता बघितलंस न्हवं? आनि कांड्या पण हुंगून घेनार मी."

घरी आले ती रडायचं ठरवूनच. पण रडताना डोळे पुसायला हात वर गेला आणि मी थबकले. डाव्या हाताला वास होता. उजव्याला जवळजवळ नव्हता. दोन्ही हात एकाच पाण्यातून काढलेले! मी पुन्हा पुन्हा हुंगले. मालक म्हणाले, "याड लागलं का तुला?" मी म्हटलं, "गप बसा, इचार करतोय."

फरक शेवटी सापडला. सकाळी शिळ्या कालवणाला आंबटपणा कमी म्हणून मी चिंच कोळली होती, उजव्या हातानं. राखेनं आणि खारानं वास चाळवत होता, आंबटानं तो मरत होता. मग सुरू झाला माझा उद्योग. मालकांना बाजारातून मासे आणायला लावले, रोजच्या रोज. त्यांची काही तक्रार नव्हती.

पहिल्या दिवशी मासे चिरून हातांना चिंच चोळली, वास गेला. मी खुशीत घरच्याच पापडखाराच्या पाण्यात हात घातले, आणि वास परत हजर! आक्कांची परीक्षा किती खरी होती ते तेव्हा कळलं. आंबटानं वास बांधला जातो, पण हातावरच राहतो, खार लागला की सुटतो. म्हणजे बांधलेला तो धुऊन काढायला हवा. कालवणाची चिंच कोळताना माझा उजवा हात पाण्यातच होता, म्हणून तो तेव्हा धुऊनही निघाला होता. दुसऱ्या दिवशी चिंच चोळून घटकाभर तशीच ठेवली, नखांत घातली, मग गार पाण्यानं भरपूर धुतलं, आणि परत एकदा चिंच, परत पाणी. ऊन पाणी नाही, त्यानं वास हाताला चिकटतो असं मला दिसलं. मग खारात हात घातले. काही नाही! मी एकटीच हसले.

लसूण मात्र हट्टी निघाला. त्याला चिंच पुरेना. चटणी कुटल्यावर हाताला आधी तेल चोळायचं, मग कोरडं बेसन चोळून तेलासकट काढायचं आणि मग धुवायचं, असं करत गेले तेव्हा तो हलला.

तरी तिसऱ्या दिवशी भरलेल्या कांड्यांना बारीकसा वास आलाच. माझे हात तर स्वच्छ होते. आता मात्र मी खरंच घाबरले, कारण उद्या आक्का कांड्या हुंगणार होत्या. शेवटी रहाटाखाली वाकून बघितलं. रहाट डगमगू नये म्हणून मी त्याच्या पायाखाली लाकडी फळी सरकवली होती, आणि त्याच फळीवर मी मासे चिरत असे. लाकूड वास पिऊन बसतं. फळी बाहेर काढली, जाडं मीठ आणि लिंबाची फोड घेऊन तिच्या रेघारेघांतून घासली, गार पाणी ओतलं आणि भिंतीला उभी करून उन्हात ठेवली. ती पुढं फक्त माशांची राहिली. रहाटाखाली वीट आली.

दुसरा चोर डब्यात होता. आज ज्याला प्लास्टिक म्हणतात त्याच्याच कुळातला, सेल्युलॉइडचा गुलाबी डबा. कॅम्पातला कुणी शिपाई गाव सोडताना मालकांना देऊन गेला होता. मालक त्यात भाकरीबरोबर लसणाची चटणी नेत. मला तो फार आवडायचा, म्हणून रिकामा असला की कांड्या मी त्यातच ठेवत असे. रिकामा डबा उघडून हुंगला तर चटणी जणू आत्ताच काढली होती. ऊन पाणी घालावं तर तो वाकडा होईल, विस्तवाजवळ न्यावा तर पेट घेईल, एवढं मालकांनी बजावलं होतं. गार पाणी, बेसन, लिंबू, सगळं केलं. थोडा कमी झाला, गेला नाही. मग फडक्यात लाकडाचा लोणारी कोळसा बांधून आत ठेवला आणि झाकण लावलं. पाच-सहा दिवसांनी तो डबा कसाबसा शुद्ध झाला, पण माझ्याकडे एकच रात्र होती. म्हणून कांड्या डब्यातून काढल्या, त्या सगळ्या बाजूला ठेवल्या, आणि उरलेल्या लडीतून नव्या भरल्या. भरल्या त्या बांबूच्या कोऱ्या करंडीत टाकल्या. पाठ मोडून आली, पण एकही धागा तुटला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी सगळ्यात आधी मासे केले. होय, मुद्दाम. आदल्या दिवशी उपास करून स्वच्छ हात दाखवण्यात काय पराक्रम? मासे चिरले, लसूण ठेचला, कालवण चुलीवर ठेवलं. मग तेल, बेसन, चिंच, पाणी, चिंच, पाणी. करंडी काखेत घेऊन निघाले.

आक्कांकडे त्या दिवशी नेहमीपेक्षा दोन बाया जास्तच होत्या. कुणालाच काही काम नव्हतं. खाराचं पाणी तयार होतं. मी बांगड्या वर सारल्या आणि हात घातले. आक्कांनी सांगितलं तेवढा वेळ ठेवले. मग त्या माझ्याजवळ आल्या, माझे ओले हात स्वतःच्या हातांत धरले, आणि वाकून हुंगले. तळवे, बोटांची बेचकी, नखं. मग एकेक कांडी उचलली.

"काय न्हाय," आक्का म्हणाल्या. मग समाधानानं मान हलवून म्हणाल्या, "बगितलंस? चार दिस मासं सोडलंस, तर हात कसा झाला."

बाकीच्या माना डोलवायला लागल्या. गप्प राहिले असते तर रेशीम मिळालंच होतं. मी म्हटलं, "सोडलं न्हाय, आक्का. सकाळीच केलतं. नदीचं मासं, लसूण घालून. भाकरीसंगं खाऊनच आलोय."

आक्कांच्या हातात अजून माझा हात होता. सोडतील असं वाटलं. त्यांनी तो सोडला नाही. परत एकदा नाकाशी नेला, आणि मग आत हाक मारून नवरीच्या साडीच्या पदराचं रेशीम आणवलं, जे तोवर त्यांच्याशिवाय कुणाच्या हाती दिलं जात नसे. ती लडी त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या ओल्या तळव्यांवर नाही, आधी स्वतःच्या पदरानं माझे हात कोरडे करून, मग त्यांवर ठेवली.