सासूबाईंनी पसंत केलेलं व्यसनमुक्ती केंद्र

आमच्या घरात मुलीसाठी स्थळ बघायला सासूबाईच जातात. दिवाणखान्यात बसून चहा पिणं त्यांना मान्य नाही. "मला पानी पायजे," म्हणत त्या सरळ स्वयंपाकघरात शिरतात, मग मोरी बघतात, आणि परत येताना शेजारणीशी दोन शब्द बोलतात. मुलाचा पगार त्या सगळ्यात शेवटी विचारतात.

यावेळी सासूबाई स्वतःच्याच मुलाला ठेवण्यासाठी जागा बघायला निघाल्या होत्या, एवढाच फरक.

माझे मालक, म्हणजे त्यांचा मुलगा, चाकणच्या एका कंपनीत मशीनवर. पहिल्या शिफ्टला तोंडाला दारूचा वास आला म्हणून त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. साहेब म्हणाले, नोकरीवरून काढत नाही, पण उपचार पूर्ण करा आणि डॉक्टरांचा कागद घेऊन या. अर्धवट सोडून आलात तर येऊ नका. त्यामुळे मालकही पहिल्यांदाच "जातो" म्हणाले. तोवर त्यांचं म्हणणं असायचं की मी मनात आणलं तर उद्या सोडीन. तो उद्या आमच्या घरी आठ वर्षं झाली तरी उजाडला नव्हता.

सासूबाईंचं मत होतं की खोलीत कोंडा, चार दिवसांत उतरेल. मी गप्प बसले. मी बहुतेक वेळा गप्पच बसते.

पहिली जागा भोसरीच्या बाजूला. ऑफिस थंडगार, सोफा लालभडक. खुर्चीतला माणूस म्हणाला, "मावशी, शंभर टक्के गॅरंटी. पेशंट यायला तयार नसला तरी टेन्शन नाही. आपली चार पोरं गाडी घेऊन येतात, उचलून आणतात."

"डॉक्टर कोन हाय?"

"मी स्वतः पूर्वी पीत होतो. अनुभव आहे."

"पाय मोडलेला मानूस हाडं बसवतो व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "बरं, पानी द्या. आत जाऊन पिते."

"आत फॅमिलीला अलाउड नाही. तीन महिने भेट नाही, फोन नाही."

खिडकीतून मला दिसलं, दोन हडकुळी माणसं त्याची गाडी पुसत होती. सासूबाईंनाही दिसलं. त्या उठल्या. "नवरी झाकून लगीन लावत्यात का कुठं," म्हणाल्या आणि चहा न घेताच बाहेर पडल्या.

दुसरी जागा तळेगावच्या पुढे, साधी बैठी इमारत. भिंतीवर सरकारी नोंदणीचा कागद टांगलेला. तिथल्या नर्सबाईंनी आधी आम्हालाच प्रश्न विचारले. किती पितात, सकाळी उठल्या उठल्या लागते का, कधी झटका आला होता का. सासूबाईंनी कोंडण्याचा बेत सांगितला तेव्हा बाई एकदम गंभीर झाल्या. रोज पिणाऱ्याची दारू घरी अचानक तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो, म्हणाल्या. सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली गोळ्या देऊन काढायचे.

सासूबाईंनी पाणी मागितलं. "या की आत," नर्सबाई म्हणाल्या.

मग काय. सासूबाईंनी वरणाचं झाकण उचललं, संडासाची कडी आतून लागते का ते पाहिलं, आणि कांदा चिरत बसलेल्या एका पेशंटला कोपऱ्यात गाठून विचारलं, "खरं सांग बाळा. मारत्यात का?"

"नाही आजी. पहाटे योगासनाला उठवतात. त्यापेक्षा मारलं तर बरं."

काउन्सेलर म्हणून एक पोक्त सर होते. सासूबाईंनी गॅरंटी विचारली. ते म्हणाले, "आम्ही देत नाही. हा आजार आहे, उलटतोही. घरी गेल्यावरही मीटिंग आणि तपासणी चालू ठेवावी लागेल, आणि तुम्हालाही इथे येऊन बसावं लागेल."

"आमी कुठं पितो?"

"तरी यावं लागेल."

सासूबाईंना तो खडूसपणा आवडला. मालक स्वतः गेले, स्वतः सही केली.

पहिले काही दिवस भेट नव्हती, पण नर्सबाई फोन करून सांगायच्या. हात थरथरतायत, घाम आहे, औषध चालू आहे. नंतर, जेवले. मग, कुरकुर करायला लागले. ते ऐकून मला बरं वाटलं.

पहिल्या भेटीच्या रविवारी सासूबाईंनी पिशवी भरली. शेंगदाण्याची चटणी, धुतलेले कपडे, आणि मुलाला ताकद यावी म्हणून स्वतःच्या उशाशी असते ती आसवाची बाटली. गेटवर वॉचमनने पिशवी उपसली आणि बाटली बाजूला काढली.

"अरे, औषध हाय ते. वैद्याचं."

तेवढ्यात काउन्सेलर सर आले. त्यांनी शांतपणे सांगितलं की आसवात, अरिष्टात आंबवल्यामुळे थोडी दारू तयार होते. इथे चालणार नाही, घरीही त्यांना देऊ नका.

"मी रोज झोपताना दोन झाकनं घेते," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुळशीची माळ घातल्यापासून."

"तुमचं तुमच्या वैद्यांना विचारा," सर म्हणाले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मी मात्र पदर तोंडाला लावला.

वॉचमनने बाटली गेटवरच्या केबिनच्या खिडकीत ठेवली आणि आम्ही अंगणात लिंबाखाली बसलो. मालक आले. चेहरा उजळलेला, दाढी केलेली. दिवसभराचं सगळं सांगत सुटले. उठून स्वतःची गादी आवरायची. योगासनं. मग गटात बसून प्रत्येकाने आपलं बोलायचं. "पहिल्या दिवशी मी सांगितलं, मला काही त्रास नाही, बायकोला आहे. सगळे हसले. म्हणाले, आम्हीपण हेच सांगितलं होतं." दुपारी आजाराची माहिती, संध्याकाळी कॅरम, रात्री वहीत दिवस लिहायचा. आणि आठवडाभर पोळ्यांची ड्यूटी. घरी पाण्याचा तांब्या न उचलणारा माणूस मला म्हणाला, "तू कणीक फार घट्ट मळतेस."

मग आवाज खाली आला. "आई, मी आता बरा झालो. इच्छाच होत नाही. सरांना सांगितलं तर सोडतात, जबरदस्ती नाही. आजच येतो घरी."

सासूबाई विरघळल्या. आधीच पिशवी तपासल्याचा राग होता. "चल बाबा. बरा दिसतोस. मी करीन तुझं सगळं."

कंपनीच्या साहेबांचे शब्द माझ्या कानात होते, पण दोघांपुढे तोंड उघडेना.

मालक गेटकडे बघत म्हणाले, "आणि आई, ते तुझं आसव अर्ध्याच्या खाली गेलंय. एवढं कशाला घेतेस?"

गेट तिथून चांगलं लांब होतं. मी बाटलीकडे पाहिलं. मला खिडकीत नुसतं काहीतरी तपकिरी दिसत होतं.

"अहो," मी म्हणाले, "तुम्हाला ती कुठवर भरलीय, ते इथून दिसलं?"

मालकांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते. मग डोळे पुसले, म्हणजे थोडं रडतही असावेत.

"आल्यापासून तेच बघतोय," ते म्हणाले. "तुम्ही काय बोललात, अर्धं ऐकलंच नाही."

सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "ऱ्हा मग," म्हणाल्या.

आतून घंटा झाली. पोळ्यांची वेळ. मालक उठले, दोन पावलं जाऊन मागे वळले आणि मला म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. बाटलीशिवाय."

निघताना वॉचमन बाटली परत देऊ लागला. सासूबाईंनी हात मागे घेतला. "सांडून दे ती," म्हणाल्या.

स्टॉपवर बसची वाट बघताना त्या बराच वेळ गुडघा चोळत बसल्या होत्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "स्थळ बरं हाय. आपल्याच घरात जरा बघायला पायजे व्हतं."