दुपारी घरी कोण असतं?

यादी मी केली होती आणि माझ्या सासूचं नाव तिच्यात नव्हतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितली नाही. सांगून तरी काय होणार होतं?

भंडारा जिल्ह्यात, करडी गावाच्या बाजूला आमचं गाव. तिथे मी सोळा वर्षं आशा म्हणून काम केलं. बाळंतपणं, लसीकरण, हत्तीरोगाच्या गोळ्या, आणि मार्च उजाडला की उन्हाचा सर्व्हे. साठीच्या पुढचे कोण, गरोदर कोण, तान्ही पोरं कुठे, बीपीची न् शुगरची गोळी कोण घेतं, दारू कोण पितं, उन्हात काम कोण करतं, हे सगळं घरोघरी जाऊन लिहायचं. म्हाताऱ्यांच्या पानावर शेवटी एक रकाना होता : एकटे राहतात का? ज्यांच्यापुढे 'होय', त्यांच्या घरी कडक उन्हाच्या दिवशी दुपारी जाऊन यायचं. माझ्या गावात असे नऊ निघाले. आमच्या घराच्या ओळीवर आले तेव्हा मी थांबलेसुद्धा नाही. नवरा आहे, मी आहे, भरलं घर आहे. 'नाही' लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

आता आमचं भरलं घर कसं होतं ते सांगते. नवरा राईस मिलमध्ये, तो सकाळी आठला जायचा. मुलगा तेव्हा शिकायला नागपूरला. मी गावभर. घरी फक्त सासूबाई, आणि त्याही मागच्या टिनाच्या खोलीत. आधी तिथे छपरावर मातीचे कवेलू होते. माकडं दरसाल नाचून फोडायची, म्हणून कंटाळून आम्ही टिन टाकले. माकडांचा त्रास गेला. दुपारी त्या खोलीत पाय ठेववत नसे, आणि रात्रीसुद्धा टिन निवत नसत, पण सासूबाई म्हणायच्या, "मले सवय हाय."

त्यांना बीपीची गोळी होती, जिने लघवी जास्त होते ती. आणि गुडघे गेलेले. संडास अंगणाच्या पलीकडे, मध्ये तापलेली फरशी. मग बाईने आपला हिशेब केला : पाणी कमी प्यायचं, म्हणजे उठावं लागत नाही. हे मला माहीत होतं. गावातल्या बायांना मी सांगत फिरायचे की तहान लागायच्या आधी पाणी प्या, वावरात आडोसा नाही म्हणून पाणी टाळू नका. घरी मात्र सकाळी मातीचा माठ भरून त्यांच्या खाटेजवळ ठेवायचे, वर पेला झाकायचे आणि "आई, पानी प्या न" म्हणत चप्पल घालायचे. संध्याकाळी माठ जवळपास भरलेलाच असायचा. मी चिडायचे. "तू काहून बोंबलतं वो, मी पेतो न," त्या म्हणायच्या. आमचं तेवढंच बोलणं व्हायचं, आणि ते रोज तेच असायचं.

मे महिन्यात आमच्याकडे गाव गावात नसतं. उन्हाळी धानाची कापणी आणि तेंदूपत्ता दोन्ही एकाच वेळी येतात. माणसं पहाटे चारला जंगलात शिरतात, दुपारी पानांचे मुडके बांधतात, मग फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, नेऊन देतात. घरी राहतात म्हातारे, कुत्री आणि कोंबड्या. इशाऱ्याचा मेसेज तालुक्याहून यायचा सकाळी दहाला. नारंगी असो की लाल, मी तो लगेच गावाच्या ग्रुपवर टाकायचे. त्यावर पुण्यात कामाला असलेली पोरं हात जोडल्याचं चित्र पाठवायची. ज्यांच्यासाठी तो मेसेज होता, ती माणसं तेव्हा जंगलात होती, आणि म्हाताऱ्यांजवळ फोन नव्हते. मी मेसेज टाकला, म्हणजे काम झालं असं धरून चालत होते.

त्या दिवशी लाल इशारा होता. आधीच्या तीन रात्री हवा हलली नव्हती, झोप कुणालाच नव्हती. सासूबाईंनी सकाळी भाकरी नको म्हटलं. मी म्हटलं, नका खाऊ, आणि ओआरएसच्या पुड्या पिशवीत टाकून निघाले. नऊ घरं करता करता एक वाजला. शेवटचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका म्हाताऱ्या गड्याचं. बायको गेलेली, पोरं नाहीत, यादीत त्याच्यापुढे मोठा 'होय'. तो कडुनिंबाखाली दोन सोबत्यांना घेऊन बसला होता, डोक्याला ओला दुपट्टा, बाजूला ताकाने भरलेला गंज. मी ओआरएस पुढे केलं तर हसायला लागला.

"मले काय होते बाई? मी सकाळपासून इथंच बसून हावो. तुई सासू कशी हाय?"

"घरी हाय, सावलीत," मी म्हटलं, आणि त्याच्यासमोर रजिस्टरवर खूण केली.

दोनला घरी पोचले. मागच्या खोलीत सासूबाई जाड चादरीत गुंडाळलेल्या होत्या, गळ्यापर्यंत. शेजारची बाई डोकावून गेली होती. तिनेच मला अंगणात गाठून सांगितलं, "आंग लय तापून रायलं होतं, म्हनून तापाची गोळी देल्ली अन् पांघरून घातलं." तिचा काय दोष? तापाला पांघरूण घालतात हे तिला आईने शिकवलं, आणि ती गोळी मार्चमध्ये मीच माझ्या पेटीतून तिला दिली होती. ऊन लागलेल्या अंगाला ती गोळी काही करत नाही, हे मला ठाऊक होतं. तिला मी कधी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंची कातडी तव्यासारखी तापलेली आणि कोरडी. मला ओळखलं नाही. मला त्या आपली बहीण समजत होत्या आणि तळ्यावर चल म्हणत होत्या. ती बहीण मरून किती वर्षं झाली होती. पुढे मी सगळं बरोबर केलं. चादर फेकली, १०८ ला फोन लावला, ओढत ओढत त्यांना पुढच्या सपरीत, ओसरीवर आणलं. बादलीनं पाणी ओतलं, ओली लुगडी पसरली, पंखा अंगावर लावला. शेजारणीला दुकानात पिटाळून बर्फ आणवला, कपड्यात गुंडाळून मानेशी, काखेत, जांघेत ठेवला. ती पाणी पाजायला गेली तर मी हात धरला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नसतं, ते छातीत जातं. इतके दिवस पाणी प्या म्हणून डोकं खाल्लं, आणि त्या दिवशी घोटभरही देता आलं नाही. गाडी यायला पाऊण तास लागला.

भंडाऱ्याला डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं. मूत्रपिंड आधीच बसलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

नवरा फार बोलणारा माणूस नव्हे. तेरवी झाल्यावर एकदा जेवताना म्हणाला, "तू तं गावातच होती." रागाने म्हटलं असतं तर मी भांडले असते. तो फक्त आठवून पाहत होता. मी ताट उचलून मोरीत नेलं आणि तिथेच रडले.

पुढच्या मार्चमध्ये सर्व्हेचा कागद आला तेव्हा 'एकटे राहतात का?' वर मी पेनाने काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'दुपारी बारा ते चार घरी कोण असतं?' तालुक्याच्या साहेबांनी विचारलं, फॉर्म कशाला खराब केला? मी म्हटलं, तुमच्या फॉर्ममध्ये माझी सासू एकटी नव्हती. त्यांनी कागद ठेवून घेतला. नऊचे एकतीस झाले. एकतीस घरं एका दुपारी मला एकटीला होत नव्हती, म्हणून बचत गटाच्या बायांना आळ्या वाटून दिल्या. बाराला एकदा दार वाजवायचं आणि तीनला एकदा. आतून "हाव" ऐकून परत फिरायचं नाही. तोंड पाहायचं, काहीतरी विचारायचं, उत्तर धड येतं का ऐकायचं आणि आपल्यासमोर पेलाभर पाणी प्यायला लावायचं.

बाकीचीही कामं झाली, हळूहळू, भांडून. उद्याचा इशारा तालुक्याकडून आजच मागवून घेऊन संध्याकाळी बुद्ध विहाराच्या आणि मारुतीच्या भोंग्यावरून सांगायला लागलो. मग तेंदूपत्त्याची माणसं आणखी लवकर निघून अकराच्या आत सावलीत यायची. टिनांवर चुना मारला, काहींनी वर धानाची तणस पसरली. खोली गार होत नाही, पण बसण्याजोगी होते. विहार दुपारी उघडा ठेवला, खिडक्या उघड्या टाकून कूलर लावला. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना उन्हाळ्याआधी डॉक्टरांकडे नेऊन आणलं, कारण काहीजण भीतीने आपल्या मनानेच गोळ्या सोडत होते. ज्यांचे गुडघे गेले त्यांच्या खोलीत प्लास्टिकची खुर्ची मधोमध कापून खाली बादली ठेवली. माझ्या साऱ्या भाषणांनी वाढलं नसेल तेवढं पाणी त्या खुर्चीने वाढलं. आमच्या घरी ती खुर्ची एका वर्षाने उशिरा आली.

तरी उन्हाने कुणी गेलं नाही असं मी म्हणणार नाही. एका वर्षी वीटभट्टीवरचा परगावचा माणूस गेला. तो माझ्या गावच्या कुठल्याच यादीत नव्हता. दर उन्हाळ्यात एक रकाना कमी पडतो, आणि तो कमी होता हे माणूस गेल्यावर कळतं. मी खरंच थकले होते. साठ पूर्ण झाली तेव्हा रजिस्टर नव्या पोरीच्या हातात देऊन मोकळी झाले.

यंदा मार्चमध्ये ती पोरगी माझ्या दारात आली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मुलगा मिलवर, सून भंडाऱ्याला बँकेत. गुडघे माझेही आता कुरकुरतात, बीपीची गोळी सुरू आहे. तिने पान उघडलं. माझ्या हाताने लिहिलेला तो रकाना आता छापून आला होता.

"मावशी, दुपारी घरी कोन असते?"

माझ्या तोंडात आलंच होतं, असतात न, सारेच असतात. सून वाईट दिसेल, लोक काय म्हणतील, आणि मला काय झालंय, मी तर आशा होते. सासूबाईंनाही कुणी विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं.

"कोनी नाई," मी म्हटलं. "लिव."

तिने लिहिलं. मग आत जाऊन माठातून पेला भरून आणला आणि माझ्यासमोर उभी राहिली. "मले आता तहान नाई वो," मी म्हटलं. ती हलली नाही. मी पेला रिकामा करेपर्यंत उभीच राहिली. सासूबाईंच्या खाटेजवळ माठ मी रोज ठेवला होता, पण अशी उभी एक दिवसही राहिले नव्हते.