पासष्ट वॉटचा हेवा

कंपनीच्या मशिनी बसवायला मी आणि माझी एक सहकारी महिन्यातले निम्मे दिवस पनवेलहून गाडी पकडून बाहेरगावी जायचो. माझ्या लॅपटॉपचा चार्जर विटेएवढा होता, त्याने खांदा भरून यायचा. तिचा मात्र नव्या पद्धतीचा, गॅलियम नायट्राइडचा, मुठीत मावणारा. ती स्टेशनचा जिना झपझप चढायची आणि मी मागून धापा टाकत तिच्यावर जळायचे.

शेवटी हट्टाने मीही अगदी तिच्यासारखाच, पासष्ट वॉटचा घेतला. पहिल्याच कामावर ग्राहकासमोर मशिनचं डिझाइन उघडलं, तर चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरायला लागली.

"अगं, तुझा लॅपटॉप जड कामाचा आहे, त्याला शंभर वॉट लागतात," ती म्हणाली. "माझ्या साध्याला पासष्ट पुरतात. तू शंभरचा घे, आणि केबलही तेवढे वॉट पेलणारी घे."

तिचं बरोबर होतं, म्हणून राग जास्तच आला. तरी तिने सांगितलं तसंच केलं. आता बॅटरी भरते आणि नवा चार्जर जुन्याच्या निम्म्या वजनाचाही नाही. पण तिचा त्याहून लहान आहे, हे मला अजून सलतं.