क्ष. झाला

माझे आबा शिरूरच्या शाळेत शिपाई होते. शाळेतल्या सगळ्यांच्या आरोग्य तपासणीच्या लांबलचक इंग्रजी अहवालात त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘एक्स-रे झाला, एन.ए.डी.’ म्हणजे काही दोष आढळला नाही. शिक्षण खात्याच्या दौंडच्या कचेरीतल्या हेडक्लार्कनं मराठी प्रत करताना एक्स-रेचं क्ष-किरण आणि त्याचंही नुसतं ‘क्ष.’ केलं. एन.ए.डी. त्यांना कळलं नाही, म्हणून गाळलं. उरलं ‘क्ष. झाला’. शाळेनं ते क्षय असं वाचलं आणि आबांना काढून टाकलं. शेजाऱ्यांनी आमच्याकडचं पाणी पिणं सोडलं.

काही वर्षांनी मी त्याच कचेरीत भाषांतरकार झालो. पहिल्याच आठवड्यात ती फाईल शोधली, प्रत्येक लघुरूप पूर्ण लिहून नवी प्रत केली आणि सगळ्यांसमोर हेडक्लार्कच्या हातात दिली.

“मोठ्यानं वाचा, मामा.”

त्यांनी वाचलं. “चूक झाली,” ते म्हणाले.

घरी सांगितलं तर आबा म्हणाले, “जाऊ दे, पोरा. म्हातारा माणूस हाय.”

मी जाऊ दिलं नाही. दोन्ही प्रती वरच्या साहेबांकडे पाठवल्या. हेडक्लार्कची होऊ घातलेली बढती रद्द झाली. मला त्याचं अजूनही वाईट वाटत नाही.