उरलेले चाळीस सेकंद

हिंजवडीत नोकरीला लागले तेव्हा मोबाइल होता, पण त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बॅलन्स शिल्लक असूनही एकदा फोन बंद पडला, म्हणून होस्टेलखालच्या रिचार्जवाल्या काकांकडे गेले.

"व्हॅलिडिटी संपली," काका म्हणाले. "म्हणजे कार्ड चालायची मुदत. टॉकटाइम म्हणजे बोलायची शिल्लक. टॉपअप मारलं की शिल्लक वाढते, मुदत नाही. आणि डेटा पॅक न घेता नेट लावू नका, सगळी शिल्लक गिळेल. एवढं तरी इंजिनिअरला समजावं."

पुण्यात ज्ञान असंच मिळतं, वर टोमणा फुकट.

बाबा रोज संध्याकाळी वर्ध्याकडच्या आमच्या गावाहून फोन करायचे. त्यांच्या कार्डाला मिनिटाचा हिशेब होता. वीस सेकंद बोला नाहीतर साठ, पैसे पूर्ण मिनिटाचे. एकसष्टावा सेकंद लागला की दोन मिनिटांचे. बाबा एकदम चिकट माणूस. "जेवली का? बरी हाय ना?" एवढं विचारून झालं की म्हणायचे, "पैसे त गेलेच, बोल अजून." मग गाय, शेजारी, बोरं, काय वाटेल ते. मिनिट भरत आलं की फोन खाली.

पुढे सेकंदाच्या दराचं व्हाउचर निघालं. जितके सेकंद, तितकेच पैसे. मी मोठ्या हौशीने काकांकडून बाबांच्या नंबरवर मारून घेतलं आणि त्यांना समजावूनही सांगितलं.

त्या संध्याकाळी फोन आला. "जेवली का? बरी हाय ना? ठेवतो." संपलं! दुसऱ्या दिवशी तेच, आठवडाभर तेच. आता बोलत राहण्यात फायदाच उरला नव्हता ना. मला इतका राग आला, आणि कोणावर काढावा तेही कळेना. हातात फोन धरून बसायचे आणि बाबांची आठवण यायची, नुकतेच त्यांच्याशी बोललेले असूनही.

त्या व्हाउचरला स्वतःची महिनाभराची मुदत होती. ती संपली की दर आपोआप मिनिटावर येणार होता. काका म्हणाले, "नवीन मारू का?"

"नको."

"लोक पैसे वाचवायला येतात इथं."

"येऊ देत."

मुदत संपली त्या दिवशी बाबांनाही मी सांगून टाकलं, की दर पुन्हा मिनिटाचा झाला. दुसऱ्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. जेवली का, बरी हाय ना. पण या वेळी गाय नाही, शेजारी नाही.

"तू गेली तवापासून घर खायाले उठते," बाबा म्हणाले. असलं काही ते आयुष्यात बोलले नव्हते. मला रडू आवरेना.

"बाबा, मिनिट होऊन गेलं," मी कशीबशी म्हणाले.

"हाव, पाह्यलं म्या," ते म्हणाले, आणि बोलत राहिले.